दह्यात मुरवलेले मटण: आम्ल किती आत जाते आणि कधी थांबावे

साताऱ्यात किंवा सांगलीत मटणाचे सुके करायचे ठरले, की मटणाला दही, हळद आणि मीठ चोळून ठेवणे ही बहुतेक घरांतली पहिली पायरी असते. ते किती वेळ ठेवायचे, याची उत्तरे मात्र घरागणिक बदलतात. कोणी अर्धा तास पुरे म्हणतात, तर कोणी शनिवारी रात्रीच दही लावून ठेवतात. या दोन्ही उत्तरांत तथ्य असू शकते, कारण तुकडा कोणत्या भागाचा आहे, दही किती आंबट आहे आणि पदार्थ कसा शिजवायचा आहे यावर वेळ ठरते. जी समजूत मुळातच तपासून पाहायला हवी, ती म्हणजे ‘जितका वेळ जास्त, तितके मऊ’. बोकडाच्या मांडीच्या बाबतीत ती एका मर्यादेपर्यंत खरी आहे, कोंबडीच्या छातीच्या बाबतीत लवकरच खोटी ठरते आणि भाज्यांच्या बाबतीत तर परिणाम जवळजवळ उलटा होतो. असे का होते, हे समजण्यासाठी दह्यातले आम्ल मांसात नेमके काय करते आणि किती आत जाते, एवढेच नीट पाहावे लागते.

दुधाला विरजण लावले, की विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचे, म्हणजे लॅक्टोजचे, लॅक्टिक आम्लात रूपांतर करू लागतात. आंबटपणा मोजण्याचे माप म्हणजे सामू. माती परीक्षणाच्या अहवालात हा आकडा आपल्याकडच्या ऊस आणि द्राक्ष बागायतदारांनी नेहमी पाहिलेला असतो. सामू ७ असेल तर पदार्थ आम्लही नसतो आणि अल्कलीही नसतो, आणि आकडा जितका खाली जातो तितके आम्ल वाढते. ताज्या दुधाचा सामू ६.६ ते ६.७ असतो. तो ४.६ च्या आसपास उतरला, की दुधातले केसीन हे प्रथिन एकमेकांना चिकटून जाळे तयार करते आणि दही लागते. जिवाणूंचे काम तिथे थांबत नाही. गोड दह्याचा सामू साडेचारच्या आसपास असतो, तर उन्हाळ्यात ओट्यावर तसेच राहिलेले दही ४ पर्यंत किंवा त्याहूनही खाली जाते. सामूचे माप पटीत चालते, त्यामुळे साडेचार आणि चार हे आकडे जवळचे वाटले तरी दुसऱ्या दह्यातील आम्लाची तीव्रता पहिल्याच्या सुमारे तिप्पट असते. म्हणून ‘वाटीभर दही’ हे माप अपुरे आहे, ते दही गोड होते की आंबट, हेही सांगावे लागते.

आता मांसाकडे वळू. मटणाचा लाल भाग म्हणजे बारीक, लांब स्नायुतंतूंचे जुडगे असते. सुताच्या लडीसारखी त्याची रचना असते: धाग्यांची एक लहान जुडी, अशा अनेक जुड्यांची मोठी जुडी, आणि प्रत्येकीभोवती पातळ पडदा. धागे मुख्यतः मायोसीन आणि ॲक्टिन या प्रथिनांचे असतात, तर पडदे कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे असतात. मांसाच्या वजनात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असते आणि ते या धाग्यांच्या मधल्या बारीक पोकळ्यांत धरून ठेवलेले असते. शिजताना धागे आखडतात, पोकळ्या आवळल्या जातात आणि पाणी बाहेर पडते. मटण वातड लागते ते दोन कारणांनी: धाग्यांनी पाणी गमावलेले असते, किंवा पडद्यांमधले कोलॅजेन विरघळलेले नसते. दही या दोन्हींवर काही प्रमाणात काम करते, पण सारखे नाही.

धाग्यांतल्या प्रथिनांवर विद्युतभार असतो आणि समान भार एकमेकांना दूर ढकलतात. या ढकलण्यामुळे धाग्यांमध्ये जागा राहते आणि त्या जागेत पाणी टिकते. आम्ल वाढले, की हा भार बदलत जातो. मांसाचा सामू ५ ते ५.२ च्या आसपास आला, की धन आणि ऋण भार एकमेकांची बरोबरी करतात, ढकलाढकली थांबते, धागे एकमेकांना चिकटून बसतात आणि मांस पाणी धरण्याची आपली ताकद सर्वांत जास्त गमावते. सामू आणखी खाली, साडेचारकडे गेला, की धन भार वरचढ होतो, धागे पुन्हा दूर सरकतात, फुगतात आणि पाणी धरू लागतात. कापून काही काळ राहिलेल्या मटणाचा सामू साधारण साडेपाच ते पावणेसहा असतो. म्हणजे दही लावल्यावर मांसाचा बाहेरचा थर आधी या वाईट टप्प्यातून जातो आणि मगच चांगल्या टप्प्यात पोहोचतो. तोंडी लावल्यासारखे दोन चमचे गोड दही मोठ्या ढिगाला फासले, तर आम्ल कमी पडून तो थर वाईट टप्प्यातच अडकू शकतो. थोडे दही लावून ठेवलेले मटण मऊ होण्याऐवजी कोरडे झाले, अशी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे हे एक कारण असते.

आम्ल एकूण किती येते, याचा हिशेब मांडला की चित्र अधिक स्पष्ट होते. घरच्या दह्यात वजनाच्या सुमारे पाऊण ते एक टक्का लॅक्टिक आम्ल असते, म्हणजे एक किलो मटणाला लावलेल्या २०० ग्रॅम दह्यातून दीड ते दोन ग्रॅम आम्ल येते. याउलट त्या एक किलो मटणात स्वतःचे लॅक्टिक आम्ल ८ ते ९ ग्रॅमपर्यंत असू शकते. जनावर कापल्यानंतर स्नायूंतील साठलेली साखर प्राणवायूविना मोडत राहते आणि तिचे लॅक्टिक आम्लच होते, त्यामुळेच जिवंतपणी ७ च्या आसपास असलेला सामू साडेपाचपर्यंत उतरतो. थोडक्यात, दही मटणात जे आम्ल आणते ते मटणाने स्वतः तयार केलेल्या आम्लाहून कितीतरी कमी असते. ते सगळ्या मांसात सारखे पसरले असते, तर सामू जेमतेम हलला असता. दह्याचा परिणाम जाणवतो, कारण त्याचे आम्ल बाहेरच्या पातळ थरात साठून राहते. मुरवण्याची सगळी किमया आणि मुरवण्यातले सगळे नुकसान या एका गोष्टीतून निघते.

हे आम्ल आत किती शिरते? फार थोडे. मांसातून आम्ल पाझरत जाते ते अतिशय सावकाश, आणि वाटेत मांसातली प्रथिने ते शोषून घेत राहतात, म्हणून काही तासांत त्याची मजल दोन-तीन मिलिमीटरच्या आसपास राहते. त्यातही वेळ आणि खोली यांचे नाते सरळ नसते. दुप्पट आत जायला दुप्पट वेळ पुरत नाही, साधारण चौपट वेळ लागतो. तीन तासांत आम्ल दोन मिलिमीटर गेले असेल, तर चार मिलिमीटर जायला बारा तास हवेत आणि सहा मिलिमीटर जायला सत्तावीस. या सर्व काळात बाहेरचा पहिला मिलिमीटर मात्र सतत आम्लात भिजलेला असतो. त्यामुळे वेळ वाढवत नेली, की आतल्या भागाला मिळणारा फायदा कमी कमी होत जातो आणि बाहेरच्या थराचे नुकसान वाढत जाते.

हे डोळ्यांनी पाहता येते. दह्यात चार तास ठेवलेला मांडीचा एक तुकडा पुसून घ्यावा आणि धाग्यांना आडवा छेद देऊन धारदार सुरीने कापावा. कडेला फिकट, करडसर रंगाची बारीक किनार दिसते आणि आतला भाग लालच असतो. हळदीचा पिवळेपणा तर त्या किनारीच्याही बाहेरच्या टोकाला थांबलेला असतो, कारण हळदीचा रंग आणि मसाल्यातले बहुतेक स्वाद पाण्यात नीट विरघळत नाहीत आणि आत जात नाहीत. दुसरा तुकडा रात्रभर ठेवून कापला, तर किनार रुंद झालेली दिसते, पण आपल्याला वाटते तेवढी नाही. ‘मसाला हाडापर्यंत मुरला’ हे बोलायला ठीक आहे, प्रत्यक्षात हाडापर्यंत पोहोचतो तो फक्त मिठाचा अंश, आणि त्यालाही बराच वेळ लागतो.

मिठाचे काम म्हणूनच वेगळे लक्षात घ्यावे लागते. मीठ आम्लापेक्षा बरेच खोलवर जाते. जिथे आम्ल पोहोचलेले नाही तिथे मीठ मायोसीनला सैल करून पाणी धरायला लावते. दह्यात मुरवलेल्या मटणाचा आतला भाग रसाळ लागतो, त्याचे श्रेय बहुतांशी मिठाचे असते. मीठ शिजवताना घालू म्हणून मागे ठेवणे आणि नुसत्या दह्यात मटण रात्रभर ठेवणे, हा माझ्या मते सर्वांत तोट्याचा प्रकार आहे.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. रविवारी दुपारी सुके मटण करायचे आहे आणि शनिवारी संध्याकाळी एक किलो बोकडाचे मटण आणले आहे. मांडी आणि पुठ्ठ्याचे, दीड इंचाच्या आसपासचे तुकडे आहेत. मटण धुऊन, निथळून, कोरडे करून घ्यावे, कारण तुकड्यांना चिकटलेले पाणी दह्याला पातळ करते. त्याला १० ते १२ ग्रॅम मीठ, म्हणजे दोन सपाट छोटे चमचे, आणि अर्धा चमचा हळद चोळून फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवावे. भांड्यात थोडे पाणी सुटलेले दिसेल, ते फेकू नये. मीठ आत गेले, की त्यातले बरेचसे मांस परत ओढून घेते. तोवर २०० ग्रॅम म्हशीच्या दुधाचे दही फडक्यात बांधून टांगून ठेवावे. पाऊण-एक तासाने त्यातले बरेच पाणी निघून जाईल. अगदी श्रीखंडाच्या चक्क्याइतके कोरडे होण्याची गरज नाही, बोटावर घेतले तर ओघळू नये एवढे पुरे. निथळलेल्या पाण्याबरोबर थोडे आम्लही जाते हे खरे, पण उरलेले दही तुकड्याला धरून राहते. पातळ दही मात्र तळाशी जमते, मग खालचे तुकडे आम्लात बुडतात आणि वरचे उघडे राहतात.

मोठ्या तुकड्यांना सुरीने सेंटिमीटरभर अंतरावर उथळ चिरा पाडल्या, तर आम्लाला आत जाण्याचे अंतरच कमी होते. हा उपाय वेळ वाढवण्यापेक्षा कितीतरी परिणामकारक आहे, कारण अंतर निम्मे झाले की वेळ चौथाईवर येते. त्यानंतर दही आणि लसूण लावून रात्री नऊच्या सुमारास झाकून फ्रीजमध्ये ठेवावे आणि सकाळी दहाच्या सुमारास बाहेर काढावे. हे तेरा तास बोकडाच्या मांडीला मानवतात. शिजवायला घेण्यापूर्वी तुकड्यांवरचे जादा दही खरवडून बाजूला काढावे, कारण दह्यात पाणी असते, ते आटेपर्यंत मटण परतले न जाता उकडते आणि रंग चढत नाही. तेलात कांदा लाल करून त्यात मटण मोठ्या आचेवर परतावे, मग काढलेले दही आणि कांदा-लसूण मसाला घालावा आणि ताटलीत पाणी ठेवून ती झाकण म्हणून ठेवत वाफेवर शिजू द्यावे. साधारण एक तासाने एखादा मोठा तुकडा दाबून पाहावा.

या उदाहरणात रात्रभराने जो मऊपणा आला, तो सगळा दह्यामुळे आला असे मात्र म्हणता येणार नाही. जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू आखडून ताठ होतात आणि हा ताठरपणा थंड जागी ठेवलेल्या मांसात साधारण एक दिवसाने सैल होऊ लागतो, कारण मांसातलीच विकरे धाग्यांचे सांधे हळूहळू तोडतात. आपल्याकडे रविवारी सकाळी कापलेले मटण त्याच दुपारी चुलीवर चढते, आणि ते नेमके ताठर अवस्थेत असू शकते. शनिवारी आणलेल्या मटणाला दह्याबरोबर हा विसावाही मिळालेला असतो. म्हणून रविवारी सकाळी आणलेल्या मटणाला तीन तास दही लावून शनिवारच्या मटणासारखा परिणाम येत नाही. त्याला दही जास्त आंबट घेऊन भरपाई करू नये, आच मंद ठेवून वेळ वाढवावी.

कोलॅजेनच्या बाबतीतही दह्याची मर्यादा ओळखावी. आम्लामुळे बाहेरच्या थरातले पडदे थोडे फुगतात आणि कमी उष्णतेला विरघळू लागतात, पण आतल्या पडद्यांपर्यंत आम्ल पोहोचतच नाही. तिथले कोलॅजेन मऊ होते ते ओल्या उष्णतेने. ६० अंशांच्या पुढे ते आखडू लागते आणि ७० ते ९० अंशांच्या दरम्यान तासभर किंवा जास्त राहिले, की त्याचे जिलेटिन होते, तोच रश्श्याला येणारा चिकट दाटपणा. जून जनावराचे कोलॅजेन अधिक घट्ट विणलेले असते, त्याला वेळ आणखी लागते. म्हणून रस्सा करायचा असेल आणि मटण कुकरमध्ये किंवा पातेल्यात पाणी घालून शिजणार असेल, तर रात्रभर दही लावण्याचा खटाटोप मला गरजेचा वाटत नाही. तिथे दही चवीपुरते आणि तासाभरासाठी पुरते. निखाऱ्यावर, तव्यावर किंवा कमी पाण्यात शिजणाऱ्या पदार्थात मात्र त्याचे महत्त्व खरे आहे.

वेळ जास्त झाली की काय होते? बाहेरच्या थरातली प्रथिने आम्लाने उलगडतात. सुरुवातीला हा उलगडा सैल असतो आणि तोच आपल्याला हवा असतो. पण आम्लाचा मारा चालू राहिला, की उलगडलेली प्रथिने एकमेकांत अडकून गोळा होतात, आणि त्याच वेळी आम्लात जागी होणारी मांसातलीच काही विकरे धाग्यांना धरून ठेवणारे सांधे तोडत राहतात. त्यामुळे एकाच तुकड्यात दोन उलट दोष एकत्र दिसतात. कच्चे असताना पृष्ठभाग लिबलिबीत लागतो, आणि शिजल्यावर तोच थर पाणी टाकून पिठूळ, खडूसारखा कोरडा होतो, तर आतला भाग होता तसाच राहतो. खाताना पहिला घास भुगा झाल्यासारखा लागतो आणि पुढे दाताला चिवटपणा येतो. नीट मुरलेल्या मांसाचा धागा दाताखाली स्वच्छ तुटतो, पण तो धागा आहे हे जाणवते. जास्त मुरलेल्यात धागाच उरत नाही.

हे शिजवण्याआधी ओळखता येते. तुकडा पुसून त्यावर अंगठा थोडा दाबून घासावा. नीट मुरलेला पृष्ठभाग गुळगुळीत राहतो आणि दाब काढल्यावर थोडा वर येतो. जास्त झालेल्या तुकड्यावर अंगठ्याची खूण तशीच राहते आणि बोटाला तंतूंचे पांढरट कण चिकटून येतात. भांड्यातल्या दह्याकडेही पाहावे. ते फुटून गुलाबीसर पाणी बरेच सुटले असेल, तर मांसाने पाणी सोडायला सुरुवात केली आहे असे समजावे. इथवर आलेले मटण फेकण्याची गरज नसते. दही खरवडून, तुकडे कोरडे करून ते रश्श्यात किंवा खिम्यात वापरावे, तिथे बाहेरचा भुगा खटकत नाही. मात्र वास बदललेला असेल, पृष्ठभागाला तारा येत असतील किंवा दह्यात बुडबुडे दिसत असतील, तर तो पोत बिघडण्याचा प्रश्न नाही, मांस खराब झाले आहे आणि ते टाकूनच द्यावे.

बोकडासाठी ठरवलेली वेळ कोंबडीला लावली, की बिघाड हमखास होतो. ब्रॉयलर कोंबडी वयाने अगदी लहान असते, तिच्या छातीच्या मांसात कोलॅजेन फार थोडे असते आणि धागे कोवळे असतात. तिथे मऊ करण्यासारखे फारसे काही नसतेच. दह्याचे काम मीठ आणि मसाला धरून ठेवणे आणि बाहेरच्या थराला थोडा ओलावा देणे एवढेच असते. छातीच्या इंचभर तुकड्यांना दोन ते चार तास पुरतात आणि आंबट दही असेल तर दोनच. तंगडीच्या मांसात पडदे जास्त असल्याने ती चिरा पाडून सहा-आठ तास, गोड दह्यात रात्रभरही, सोसते. एकाच पातेल्यात पूर्ण कोंबडीचे तुकडे मुरवताना तंगड्या आधी आणि छातीचे तुकडे काही तासांनी घालणे हा साधा उपाय आहे, पण तो फारसा कोणी करत नाही. गावरान कोंबडी मात्र या बाबतीत बोकडाच्या जवळची आहे, तिला रात्रभर चालते आणि शिजायलाही वेळ हवा असतो.

अनेकदा दोष दह्याच्या माथी मारला जातो, पण करणारे वेगळेच असते. ताज्या आल्यात आणि कच्च्या पपईत प्रथिने तोडणारी विकरे असतात. ती आम्लासारखी भार बदलून थांबत नाहीत, तर प्रथिनांची साखळीच कापतात, आणि तवा तापू लागला की सुरुवातीला अधिक वेगाने कापतात. आले-लसूण वाटण दह्याबरोबरच रात्रभर लावले आणि सकाळी कोंबडीचा लगदा झाला, तर त्यात आल्याचा वाटा मोठा असतो. म्हणून आले शेवटच्या तासात लावावे. किलोभर मटणाला कच्च्या पपईचे वाटण एक-दोन छोटे चमचे पुरते, आणि तेही तासाभरापुरते.

मुरवणे फ्रीजमध्येच का, याला दोन कारणे आहेत. दह्यातले जिवाणू जिवंत असतात आणि दह्यात लॅक्टोजही शिल्लक असते. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांत ओट्यावर ठेवलेल्या भांड्यात ते आम्ल बनवत राहतात, म्हणजे संध्याकाळी गोड लावलेले दही सकाळी आंबट झालेले असते आणि आपला वेळेचा हिशेबच चुकतो. ४ अंशांच्या आसपास त्यांचे काम जवळजवळ थांबते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. दह्याचे आम्ल कच्च्या मांसावरच्या साल्मोनेलासारख्या रोगजंतूंना मारण्याइतके तीव्र नसते आणि उन्हाळ्यातल्या तापमानाला ते झपाट्याने वाढतात. अशा दिवसांत दही लावलेले मांस तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये आणि भांड्यात उरलेले दही उकळल्याशिवाय वापरू नये. भांडे स्टीलचे, काचेचे किंवा चिनी मातीचे घ्यावे. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात आम्ल धातू विरघळवते आणि चव कळकट होते.

भाज्यांकडे येताना वरचे सगळे बाजूला ठेवावे लागते. भाजीचा कडकपणा प्रथिनांमुळे नसतो. तो पेशींच्या भिंतींमुळे असतो, आणि या भिंतींना सांधून ठेवणारा पदार्थ म्हणजे पेक्टिन. भाजी शिजते तेव्हा हे पेक्टिन विरघळते. सामू ४ च्या आसपास असताना पेक्टिन सर्वांत टिकाऊ असते, आणि दह्याचा सामू नेमका तिथेच असतो. म्हणजे दही भाजीला मऊ करत नाही, उलट ती शिजायला उशीर लावते. चिंच किंवा टोमॅटो आधी घातला की रश्श्यातला बटाटा कडक राहतो, त्याचेही कारण हेच. त्यामुळे बटाटा आणि फ्लॉवर दह्यात कितीही तास ठेवले तरी ते तव्यावर कच्चेच राहतील. त्यांना मिठाच्या पाण्यात उकळून तीन चतुर्थांश शिजवून, निथळून, वाफ पूर्ण गेल्यावर दही लावावे.

वांग्याची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याचा गर स्पंजासारखा पोकळ असतो. कृष्णाकाठच्या वांग्याचे अर्ध्या इंचाचे काप करून, मीठ लावून वीस मिनिटे ठेवावेत. मीठ पेशींतले पाणी बाहेर ओढते, पोकळ्या मिटतात आणि काप तेल कमी पितात. ते पाणी फडक्याने टिपून मग निथळलेले दही, तिखट आणि थोडे बेसन लावून लगेच, फार तर अर्ध्या तासाने, तव्यावर टाकावेत. मीठ घातलेल्या दह्यात काप दोन-तीन तास राहिले, तर पाणी सुटतच राहते, दही पातळ होऊन कापावरून घसरते आणि तव्यावर काप खरपूस होण्याऐवजी वाफेत लुळे पडतात. ढोबळी मिरची, कांदा आणि मशरूमचेही असेच होते. हिरव्या भाज्यांत आणखी एक दोष येतो: आम्लामुळे हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो आणि ढोबळी मिरचीचा हिरवा रंग शिजताना मळकट होतो. दही लावण्याआधी भाजीला तेलाचा हात फिरवला, तर पाणी सुटणे आणि रंग जाणे दोन्ही काही काळ लांबते.

पनीर भाजी नसले तरी वेळेच्या बाबतीत त्याला भाज्यांच्याच रांगेत बसवावे लागते. ते दूध आम्लाने फाडूनच तयार झालेले असते, त्यामुळे दह्यातल्या आम्लाला त्यात करण्यासारखे काही उरलेले नसते. कडक झालेले पनीर मऊ करायचे असेल, तर ते मीठ घातलेल्या गरम पाण्यात दहा मिनिटे बुडवून ठेवावे आणि कोरडे करून मग त्याला दही-मसाला लावून अर्ध्या तासात भाजायला घ्यावे.